दोन वचनें, एक सायंकाळ

वचन देणें म्हणजे आपल्या पुढील आयुष्यांतील काळाचा एक तुकडा दुसऱ्याच्या स्वाधीन करणें होय. तो एकदां दिला म्हणजे आपला राहात नाहीं, आणि जें आपलें नाहीं तें तिसऱ्याला देण्याचा अधिकारहि आपणांस उरत नाहीं. गोष्ट इतकी सरळ आहे. तरीहि एकच सायंकाळ दोघांना देऊन बसल्याचे प्रसंग आपल्या समाजांत नित्य घडतात. ते बहुधा लबाडीनें घडत नाहींत. मार्गशीर्षांत आलेल्या आमंत्रणाला होकार देणारा मनुष्य आणि फाल्गुनांत आलेल्या आमंत्रणाला होकार देणारा मनुष्य एकच असला, तरी मधल्या तीन महिन्यांत पहिल्याची आठवण दुसऱ्यापर्यंत पोंचलेली नसते, एवढेंच. त्यांत आपल्याकडील भिडस्तपणाची भर पडते. समोरच्याला ‘नाहीं’ म्हणण्यापेक्षां दैनंदिनी न उघडतां ‘हो’ म्हणणें आपणांपैकीं पुष्कळांना सोपें जातें.

अशा वेळीं वचन देणाऱ्यानें काय करावें, याची चर्चा नीतिशास्त्रावरील ग्रंथांत विपुल आहे. मला येथें विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या पक्षाचा. ज्याला वचन मिळालें आहे, आणि तीच वेळ दुसऱ्या कोणाला दिली गेली आहे हें वचन देणाऱ्याच्याहि आधीं ज्याच्या ध्यानांत आलें आहे, त्यानें कसें वागावें? सभ्य माणसें अशा वेळीं एक पत्र लिहितात व त्यांत विचारतात कीं, दोहोंपैकीं कोणती गोष्ट पाळावी असें आपणांस वाटतें तें कळवावें. वरवर पाहतां याहून सौजन्याचा प्रश्न दुसरा नाहीं. न रागावणें, आरोप न करणें, आणि निवड दुसऱ्यावर सोंपविणें, या तिन्ही गोष्टी त्यांत आहेत. परंतु हा प्रश्न सौजन्याचा केव्हां असतो आणि केव्हां तो सौजन्याच्या वेषांतील तगादा असतो, हें तपासून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

उदाहरणासाठीं मी व्याख्यानमालांचें क्षेत्र घेतों, कारण त्याचा मला कांहीं परिचय आहे. न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यास १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि तिच्या मागोमाग महाराष्ट्रांतील लहानमोठ्या गांवीं अशा माला निघाल्या. त्यांतील पुष्कळशा उन्हाळ्याच्या सुटींत भरतात. त्यामुळें थोड्याशा नामांकित वक्त्यांना पुष्कळ गांवांचीं आमंत्रणें त्याच पांचसहा आठवड्यांत येतात, आणि एका सायंकाळीं दोन गांवें येण्याचा संभव इतर कोणत्याहि व्यवसायापेक्षां येथें अधिक असतो.

माझे एक जुने विद्यार्थी एका तालुक्याच्या गांवीं अशा मालेचे चिटणीस आहेत. माला सात दिवसांची, मे महिन्यांतील. समारोपाच्या रविवारीं सायंकाळीं सहा वाजतां इतिहासाच्या एका वयोवृद्ध अभ्यासकांचें व्याख्यान ठरलें होतें, व त्यांचा लेखी होकार डिसेंबरांतच आलेला होता. एप्रिलच्या मध्यास चिटणिसांच्या पाहण्यांत शेजारच्या जिल्ह्यांतील एका ग्रंथालयाचें निवेदन आलें. वक्ते तेच, रविवार तोच, वेळहि तीच. दोन गांवांमध्यें मोटारीनें चार तासांची वाट. तेव्हां एक आटोपून दुसरें गांठणें अशक्य होतें.

चिटणिसांनीं पहिली गोष्ट केली ती शहाणपणाची होती. त्यांनीं स्वतःचीं पत्रें पुन्हां काढून पाहिलीं. अशा घोटाळ्यांत पुष्कळ वेळां दोष वक्त्याचा नसून आमंत्रणाचाच असतो. पत्रांत वार एक आणि तारीख दुसरी असते, आणि वक्ता तारीख धरून चालतो तर संस्था वार धरून. येथें तसें नव्हतें. वार व तारीख जुळत होती. दुसरी गोष्ट त्यांच्या मनांत आली होती ती अशी कीं, ग्रंथालयाला दूरध्वनि करून खरेंखोटें करावें. त्यांनीं तो विचार सोडला हें मला फार योग्य वाटलें. ज्या गोष्टीचा वक्त्याला अद्याप पत्ताहि नाहीं, ती त्याच्याआधीं त्याच्या यजमानाला सांगणें म्हणजे त्याला सावरण्याची संधि मिळण्यापूर्वींच उघडें पाडणें होय. घोटाळा ज्याचा, त्याला तो प्रथम कळला पाहिजे. वक्त्याला दूरध्वनि करण्याचेंहि त्यांनीं टाळलें, आणि त्याचें कारण मला मोलाचें वाटतें. दूरध्वनीवर मनुष्याला तत्क्षणीं कांहींतरी बोलावें लागतें, आणि ओशाळलेला मनुष्य तत्क्षणीं जें बोलतो तें समोरच्या आवाजाला संतुष्ट करण्यासाठीं बोलतो. आजकाल पत्रहि निमिषांत पोंचतें. पण त्याला उत्तर निमिषांत द्यावें लागत नाहीं, हा त्याचा गुण अद्याप गेलेला नाहीं.

पत्राचा मसुदा करून ते माझ्याकडे आले. त्यांतील मुख्य मजकूर असा होता: ‘आपण दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं येण्याचें मान्य केल्याचें दिसतें. यांपैकीं कोणता कार्यक्रम ठेवावा अशी आपली इच्छा आहे तें कृपया कळवावें. आमचीं निमंत्रणपत्रें छापून तयार आहेत, सभागृहाची अनामत भरली आहे, आणि समारोपाला आपण येणार म्हणून गांवांतील मंडळी फार आतुर आहेत.’

“सर, यांत वावगें असें कांहींच नाहीं ना?” त्यांनीं विचारलें.

वाक्यें तपासलीं तर वावगें खरोखरच कांहीं नव्हतें. प्रत्येक वाक्य सत्य होतें. पण दुसऱ्या वाक्यांत प्रश्न विचारला होता आणि तिसऱ्यांत त्याचें उत्तर देऊन टाकलें होतें. मीं त्यांना उलट विचारलें, “त्यांनीं ग्रंथालय निवडलें तर तुम्हांला चालेल काय?” ते म्हणाले, “चालेल कसें? वचन आधीं आपल्याला दिलें आहे.” तेव्हां मीं म्हटलें, “मग विचारतां कशाला? ‘आपलें वचन पाळा’ असें सरळ लिहा. तो तुमचा हक्क आहे, आणि सरळ हक्क मागण्यांत असभ्य असें कांहीं नाहीं.”

माझ्या मतें सगळ्या प्रकरणाचा कणा येथें आहे. वचनांतून मुक्त करण्याची सत्ता वचन देणाऱ्याच्या हातीं नसते. ज्याला वचन दिलें त्याच्या हातीं ती असते. आपल्याकडील १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या ६३ व्या कलमानेंहि हेंच मानलें आहे. ज्याला वचन मिळालें तो त्याची पूर्तता सर्वस्वीं किंवा अंशतः माफ करूं शकतो, अथवा तिला मुदत वाढवून देऊं शकतो. तेव्हां ‘आपण कोणतें पाळूं इच्छितां?’ असें जेव्हां वचन मिळालेला मनुष्य विचारतो, तेव्हां तो प्रश्नाच्या रूपानें एक देणगी देत असतो. ‘आमचें वचन मीं सोडलें, आतां तुम्ही मोकळे आहांत’ असा त्याचा अर्थ असतो. ही देणगी द्यावयाची मनाची तयारी नसेल, तर तो प्रश्न म्हणजे रिकामी थैली पुढें करणें आहे.

शिवाय ही देणगी अर्ध्याचीच असते. चिटणिसांना आपल्या मालेचा हक्क सोडतां येत होता. ग्रंथालयाचा हक्क सोडण्याचा अधिकार त्यांना कोणीं दिला होता? त्यांचा मसुदा मात्र दोन्ही वचनें जणूं आपल्याच तिजोरींत आहेत अशा थाटानें दोहोंतून एक निवडा म्हणत होता. एकाच मनुष्याला आपण दोन गोष्टी कबूल केल्या असत्या, म्हणजे रविवारीं त्याच्याकडे जेवावयास येतों असेंहि म्हटलें असतें आणि त्याच वेळीं त्याचें हस्तलिखित वाचावयास बसतों असेंहि म्हटलें असतें, तर ‘यांतलें कोणतें ठेवूं?’ हा प्रश्न निर्दोष ठरला असता. तेथें दोन्ही हक्कांचा धनी एकच असतो, एक ठेवून दुसरा सोडणें सर्वस्वीं त्याच्या इच्छेवर असतें, आणि त्याला न विचारतां आपणच निवड करणें हीच तेथें आगळीक ठरेल. धनी दोन झाले कीं इच्छेचें राज्य संपतें. वक्त्याला ग्रंथालयाच्या व्यासपीठावर बसावयास अधिक आवडतें कीं आमच्या, यावर निकाल लागूं नये. कोणाचें वचन मोडल्यास कोणाची हानि अधिक होते आणि ती कशानें भरून निघेल, यावर लागावा. हें ठरविण्यास लागणारी माहिती एकट्या चिटणिसांजवळ नव्हती व एकट्या वक्त्याजवळहि नव्हती. प्रश्न विचारण्याचें खरें समर्थन मला एवढेंच दिसतें, कीं तो विचारल्यावांचून ही माहिती एकत्र येत नाहीं.

म्हणून मसुद्यांतील कोणतीं वाक्यें ठेवावींत आणि कोणतीं गाळावींत, याला मीं एक कसोटी सुचविली. आपण हक्क खरोखर सोडला आहे असें मनाशीं धरून प्रत्येक वाक्य पुन्हां वाचावें, आणि तरीहि वक्त्याला त्याचा उपयोग होत असेल तर तें ठेवावें. निमंत्रणपत्रें छापून झालीं हें वाक्य या कसोटीला उतरेना, कारण तीं पुन्हां छापण्याचा खर्च थोडका होता आणि तो कळून वक्त्याच्या विचारांत लाजेपलीकडे कशाचीहि भर पडणार नव्हती. मंडळी आतुर आहेत, हें तर निव्वळ ओझें. उलट जें मसुद्यांत मुळींच नव्हतें, तें हवें होतें. रविवारचें व्याख्यान दुसऱ्या दिवशीं नेतां येईल काय? सोमवारीं सभागृह मोकळें आहे काय? रविवारीं बोलूं शकेल असें गांवांत कोणी आहे काय? चिटणिसांनीं चौकशी केली. सभागृह सोमवारीं मोकळें होतें, आणि एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक आयत्या वेळीं बोलण्यास तयार होते. नव्या पत्रांत त्यांनीं या दोन गोष्टी लिहिल्या; आमच्याकडून आपण मोकळे आहांत, येतां न आल्यास मालेचें फार अडणार नाहीं, हें साध्या शब्दांत सांगितलें; आणि निर्णय पुढील रविवारपर्यंत कळावा, म्हणजे तयारीस वेळ मिळेल, असें लिहिलें. मुदत घालणें मला उद्धटपणाचें वाटत नाहीं. मुदत नसलेली मोकळीक उत्तर देणाऱ्याला रोज छळते.

तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें. अभ्यासकांनीं मनःपूर्वक क्षमा मागितली होती, आणि शेवटीं लिहिलें होतें: ‘आपण म्हणाल तसें करीन.’

हें उत्तर आपल्या समाजांत इतकें रूढ आहे कीं त्यांत कांहीं अडचण आहे हें प्रथम जाणवतहि नाहीं. परंतु चिटणीस पेंचांत पडले. निवडीचा जो चेंडू त्यांनीं इतक्या काळजीनें पलीकडे टाकला होता, तो नम्रतेच्या हातानें परत आला होता. त्यांचा पहिला विचार असा झाला कीं, आतां आपण ‘आमच्याकडेच या’ म्हटलें तर कोणी बोल लावणार नाहीं. वचन आधीं आपलें आणि निर्णयहि आपल्यावर सोंपविलेला. मला हें पटलें नाहीं. विचारांतीं ठरविणें कठीण वाटलें म्हणून ज्यानें निर्णय आपल्या पदरांत घातला, त्यानें त्याबरोबर ग्रंथालयाकडे पाहण्याचें आपलें कर्तव्यहि आपल्या पदरांत घातलेलें असतें. पंचानें स्वतःच्याच शेताची हद्द आंखावी, तसें तें झालें असतें.

‘आधीं आपलें’ या मुद्द्याचा मात्र विचार केला पाहिजे, कारण तो आपल्या सर्वांच्या तोंडीं असतो. आपल्या मीमांसकांनीं याच्या अगदीं उलट जाणारा एक न्याय सांगितला आहे. सोमयागांत ऋत्विज एकमेकांचें वस्त्र मागून धरून ओळीनें चालतात. उद्गात्याचा हात सुटला तर दक्षिणा न देतां तो याग संपवावा व पुन्हां करावा. प्रतिहर्त्याचा सुटला तर सर्वस्व दक्षिणा द्यावी. एकामागून एक असे दोघांचेहि हात सुटले तर काय करावें? मीमांसक म्हणतात, मागाहून जें घडलें त्याचें प्रायश्चित्त प्रबळ. कारण पहिलें घडलें तेव्हां दुसरें नव्हतेंच, तेव्हां पहिलें दुसऱ्याला बाधूं शकत नाहीं, पण दुसरें उपजतें तेंच पहिल्याला बाजूस सारून. दोघांचे हात एकाच क्षणीं सुटले तरच ते विकल्प मानतात. आणि विकल्प हा त्यांच्या लेखीं शेवटचा उपाय आहे, त्यांत ते आठ दोष मोजतात. मला यांत आवडतें तें एवढें कीं, ‘हवें तें निवडा’ म्हणण्याची घाई त्यांना नव्हती.

पण हा न्याय वचनांना लागत नाहीं. हात सुटणें ही घटना आहे. वचन हें दान आहे, आणि दिलेलें पुन्हां देतां येत नाहीं. जमिनीच्या व्यवहारांत कायदा म्हणूनच पहिल्याच्या बाजूला उभा राहतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचें ४८ वें कलम मागाहून निर्माण झालेला हक्क आधींच्या हक्काच्या अधीन ठेवतें. तरीहि सायंकाळ ही जमीन नव्हे. दुसऱ्यानें जमीन घेतांना दप्तर पाहावयाचें असतें; ग्रंथालयाला वक्त्याची दैनंदिनी पाहण्याची सोय नव्हती. त्यांनीं निर्मळ मनानें विश्वास ठेवला, आणि विश्वासानें ज्याच्यावर विसंबलें गेलें त्याचें देणें तारखेच्या मागेंपुढेपणानें नाहीसें होत नाहीं. आधींचेपणाला वजन आहे; पण दोन्ही पारडीं अगदीं समान असतील तेव्हां तें टाकावें. दोहोंकडे काय आहे हें पाहण्याआधींच तें टाकणें मला मान्य नाहीं.

चिटणिसांनीं अभ्यासकांची अनुज्ञा घेऊन ग्रंथालयाला लिहिलें. तेथून आलेल्या उत्तरांत एक गोष्ट निर्णायक होती. तो रविवार त्यांच्या संस्थापकांच्या पुण्यतिथीचा होता, आणि व्याख्यान त्यांच्याच स्मृतीसाठीं ठेवलेलें असल्यामुळें तें हलविणें त्यांना शक्य नव्हतें. आमच्या मालेचा समारोप मात्र रविवारीं होता तो केवळ सोयीसाठीं. इतकें कळल्यावर निर्णयाला फार वेळ लागला नाहीं. आधीं एक मार्ग सुचला होता, कीं शनिवारच्या वक्त्यांनीं रविवारीं यावें आणि अभ्यासकांनीं शनिवारीं. त्यांनाहि तसेंच पत्र गेलें, आणि नकार दिल्यास कांहीं बिघडणार नाहीं असें त्यांत स्पष्ट लिहिलें. त्यांनीं एका ओळींत कळविलें कीं रविवारीं जमणार नाहीं. चिटणीस थोडे खट्टू झाले. मला मात्र तें उत्तर वाचून बरें वाटलें. ज्या प्रश्नाला ‘नाहीं’ हें उत्तर सहज देतां आलें तो प्रश्न खरा होता, याची दुसरी खूण कोणती?

अखेर अभ्यासक सोमवारीं आले. माला आदल्या दिवशींच संपल्याची समजूत झाल्यामुळें सभागृह जेमतेम अर्धें भरलें होतें. मागच्या खुर्च्या काढून टाकाव्या लागल्या. व्याख्यान उत्तम झालें.

नंतर एक लहानसा वाद राहिला. सोमवारचें सभागृहाचें भाडें अभ्यासकांनीं परतल्यावर स्वतःहून पाठविलें. समितींतील कांहीं सभासदांना तें घेणें कोतेपणाचें वाटलें. एवढ्या मोठ्या माणसाकडून भाडें घ्यावयाचें काय, असें ते म्हणाले. ऑक्सफर्डचे डेव्हिड रॉस यांनीं १९३० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत म्हटलें आहे कीं, अधिक बळकट कर्तव्यासाठीं आपण एखादें वचन मोडतों तेव्हां तें योग्य असलें, तरी ज्याला वचन दिलें त्याची कांहीं भरपाई करण्याचें कर्तव्य मागें उरतें. कांट यांना हें कितपत मानवलें असतें कोण जाणे. त्यांच्या मतें दोन कर्तव्यांचा खरा विरोध संभवतच नाहीं, फक्त त्यांच्या कारणांचा विरोध होतो. मग हरलेल्या बाजूचें काय उरावें हें त्यांच्या पद्धतींत नीट बसवितां येत नाहीं. व्यवहारांत मला रॉस जवळचे वाटतात. आमच्या मालेनें आपला हक्क मोकळ्या मनानें सोडला होता हें खरें. परंतु अभ्यासकांना कांहीं देणें राहिलें आहे असें वाटत होतें, आणि तें फेडण्याची त्यांची इच्छा नाकारणें म्हणजे त्यांना कायमचें ऋणांत ठेवणें होतें. चिटणिसांनीं पैसे स्वीकारले आणि पावती पाठविली.